गाजराचा रस आणि सोनेरी फ्रेम

पन्नाशी उलटल्यावर मी माझी चाळिशी शेजारणीला दान केली. भिशीच्या दिवशी, सगळ्या बायकांसमोर. कारण मला चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागला होता, सुईत दोरा ओवता येत होता, आणि याचं सगळं श्रेय मी रोज पीत असलेल्या गाजराच्या रसाला देत होते. त्यात मी दोन मोठे चमचे साखर घालत असे, हे कृतीतच सांगत असे. चार जणींनी लिहून घेतलं.

आता आजी झाल्यावर त्या वेळच्या माझ्यातल्या बाईला समोर बसवून दोन शब्द सुनावावेसे वाटतात. पण तिने ऐकलं नसतं.

महिन्याभरात लांबचं धूसर झालं. पनवेलच्या स्टँडवर पेणची समजून उरणच्या एसटीत बसले आणि कंडक्टरशीच भांडले. शिवाय मुलाचं लग्न पाच आठवड्यांवर आलेलं. अंतरपाट दूर होताना मला त्याचा चेहरा नीट दिसायला हवा होता, एवढीच माझी मागणी. म्हणून चष्म्याच्या दुकानात गेले.

तिथली डोळे तपासणारी मुलगी सात महिन्यांची गरोदर होती. तिने माझं जुनं कार्ड काढलं.

"काकू, गेल्या वर्षी लांबचा नंबर शून्य होता. आज पावणेदोन मायनस. तहान फार लागते? रात्री लघवीला उठता?"

"अगं, तू डोळे तपासतेस की आणखी काही?"

"आधी साखर तपासून या. साखर वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं, नंबर मायनसकडे जातो. म्हणून तुम्हाला जवळचं चष्म्याशिवाय दिसायला लागलं. औषधाने साखर उतरली की नंबर परत उलटा फिरेल. साखर काही आठवडे एकसारखी राहिली, दोनदा तपासून नंबर तोच आला, की चष्मा करू. आज नाही."

"आणि लग्न?"

"माझाही नंबर सहाव्या महिन्यात अर्ध्याने बदललाय. अंगात पाणी साठतं, डोळ्याची समोरची काचसुद्धा जरा बदलते. मी जुनाच वापरतेय. बाळंत होऊन, अंगावरचं दूध सुटलं की मग बघेन."

"तुझ्या पोटात बाळ आहे, बाई. मला काय झालंय?"

"तेच तर तपासायला सांगतेय."

तपासली. उपाशीपोटी अडीचशेच्या वर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गाजराचा रस बंद केला. गोळ्या मी निमूट घेतल्या. चष्म्याचं मात्र त्या पोरीला काय कळतंय म्हणून दुसऱ्या दुकानात गेले, जुन्या कार्डाचा आणि साखरेचा उल्लेखही न करता सोनेरी फ्रेमचा चष्मा करून आणला. पहिल्या दिवशी समोरच्या इमारतीवरची कबुतरंसुद्धा मोजता येत होती. आमच्या ह्यांना म्हटलं, "बघा, तुमची ती सात महिन्यांची पंडिता!"

गोळ्या आपलं काम करत होत्या. तिसऱ्या आठवड्यात कबुतरं विरघळली. मला वाटलं काच पुसायला हवी. पुसली. पुसतच राहिले. लग्नाच्या दिवशी तर जमीन पायाशी वर आल्यासारखी वाटत होती आणि कपाळ ठणकत होतं. पण विहीणबाई म्हणाल्या होत्या, "फ्रेम काय शोभतेय हो तुम्हाला!" मग काय, काढते कशाला? अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि मला मुंडावळ्या लावलेला एक पिवळट ढग दिसला. ढगाकडे बघून मी रडलेसुद्धा.

विहिणींच्या पंगतीत उखाणा घ्यायला लावला. मी लांबलचक रचून कागदावर लिहून आणला होता. चष्म्यातून दिसेना, चष्मा काढून दिसेना, हात लांब केला तरी मुंग्याच. शेवटी आमचे हे मागून वाकले आणि एकेक ओळ कानात वाचू लागले. त्यांचं नाव आलं आणि मी तिथेही थांबले, तेव्हा मात्र ह्यांनी ते एवढ्या मोठ्याने वाचलं की पंगतभर हशा पिकला.

"अहो, हळू," मी म्हटलं.

"अगं, तुला तेवढं तरी पाठ असेल असं वाटलं होतं," हे म्हणाले.

लग्नानंतर चार दिवसांनी मी मान खाली घालून पहिल्या दुकानात गेले. त्या पोरीला नववा लागला होता, नाकावर तोच जुना चष्मा. माझी सोनेरी फ्रेम तिने मशिनवर ठेवून नंबर वाचला, मग माझे डोळे तपासले. मायनस पार गेला होता, उलट थोडा प्लस आला होता. हसली नाही, हे तिचे उपकार. मी म्हटलं, "आज तरी नवा करून दे गं. लग्नाचे फोटो आलेत, मला पोराचा चेहरा बघायचाय."

ती म्हणाली, "काकू, नंबर अजून हलतोय, आजही करणार नाही. तोवर हा वाचायचा तयार चष्मा न्या, काम भागेल. फोटो कुठे पळून जात नाहीत."