गच्चीच्या कुलपाची बातमी

पुंडलिकनगरातल्या एका सोसायटीच्या सचिवांनी गच्चीला कुलूप लावलं आणि आमच्या दैनिकानं मला तिथं पाठवलं. चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका दारातच म्हणाल्या, "त्यानं गच्ची बळकावलीय. चोर आहे! माझी बाजू अर्धवट छापली, तर कोर्टात खेचीन."

खाली सचिव म्हणाले, "माझं नाव आलं तर अब्रुनुकसानीचा दावा लावतो, ताई. चहा घेता का?"

चहा घेऊन मी गच्ची दाखवायला सांगितली. स्लॅबला तडे होते, ते खरं. गळतीमुळंच कुलूप लावल्याचं सचिव म्हणाले. पण कोपऱ्यात मिरचीच्या कुंड्याही मांडलेल्या होत्या.

"ह्या कुणाच्या?"

"माझ्याच. मिरच्यांनी स्लॅब गळतो व्हय?"

हे उत्तर मी बाईंना ऐकवलं. बाईंचा आरोप सचिवांना ऐकवून त्यावरचं त्यांचं म्हणणं घेतलं. सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात विचारलं, तर तक्रार आलीय, निर्णय नाय, असं कळलं.

उपसंपादकांनी 'चोर' काढला आणि 'बळकावली'च्या जागी 'बळकावल्याचा आरोप' केलं. सचिवांचं नाव मात्र राहिलं, कुंड्याही राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दोघांचेही फोन आले. दोघंही भडकलेले, पण चूक काय ते एकालाही सांगता येईना. नोटीस कुणाचीच आली नाही. पुढं तिथं गेले, तर सूचनाफलकावर माझ्या बातमीची दोन कात्रणं शेजारी शेजारी चिकटवलेली होती. प्रत्येकानं आपापल्या सोयीच्या ओळी लाल पेनानं अधोरेखित केल्या होत्या.