खोडलेलं उत्तर

दहावीच्या सराव परीक्षेत सामाजिक शास्त्रांच्या पेपरात एक तक्ता होता. ए, बी, सी, डी अशी चार शहरं, आणि दहा वर्षांच्या अंतराने मोजलेली त्यांची लोकसंख्या. ए चाळीस हजारांवरून पन्नास हजारांवर गेलं होतं, सी आठ हजारांवरून बारा हजारांवर. बाकीची दोन शहरं नावापुरती. प्रश्न होता: लोकसंख्यावाढीचा वेग कोणत्या शहरात सर्वांत जास्त, ते कारणासह लिहा. तीन गुण.

मी आधी सी लिहिलं. आठाचे बारा म्हणजे निम्म्याने वाढ, चाळिसाचे पन्नास म्हणजे पावपट. मग मला हा विषय शिकवणारे आमचे सर आठवले. सर वर्गात नेहमी नुसती वजाबाकी करायचे आणि ज्याचा आकडा मोठा, त्याच्याभोवती लाल खडूने गोल करायचे. मी सी खोडलं आणि ए लिहिलं. तक्ता मला कळला होता, पण पेपर तपासणारा माणूस त्याहून जास्त कळला होता.

माझ्या शेजारी बसायची ती मुलगी भांडगावजवळच्या वस्तीवरची. तिच्या आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढ्याच होत्या, नंतर शेती आली. शाळेसाठी ती दौंडला मामाकडे राहायची. मामा कुरकुंभच्या कारखान्यात पाळीवर जायचे. तिचं इंग्रजी कागदावर माझ्यापेक्षा नेटकं होतं. बोलायला लागली की मात्र वर्गात खसखस पिकायची. पुण्यातल्या एका वसतिगृहात अकरावीसाठी जागा मिळवायची होती तिला. त्यासाठी शाळेचं शिफारसपत्र लागायचं, आणि शाळा ते सराव परीक्षेत पंचाहत्तर टक्के मिळवणाऱ्यांनाच द्यायची. पत्र नसेल तर पुणं नाही, हे तिच्या घरी ठरलेलं होतं.

सगळे पेपर हातात आले तेव्हा तिला दोन गुण कमी पडत होते. तक्त्याच्या प्रश्नात तिने सी लिहिलं होतं. आकडेमोडीचा एक गुण देऊन सरांनी उरलेले दोन कापले होते.

ती उभी राहिली. "सर, वाढ ए ची जास्त हाय, पन वेग सी चा जास्त हाय."

"दहा हजार मोठे की चार हजार?"

"सर, एकाच्या दहा मेंढ्यांच्या वीस झाल्या आन् दुसऱ्याच्या शंभराच्या एकशेदहा. दोघांच्या दहाच वाढल्या. पन मेंढ्यांचं खांड झपाट्यानं कुणाचं वाढलं?"

सरांनी तक्त्यावर पुन्हा एकदा नजर टाकली. मला वाटलं, त्यांना पटलं. मग ते हसून म्हणाले, "बाई, इथे माणसं मोजायचीत. मेंढरं घरी मोज."

वर्ग खदखदून हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी "बें" केलं. ती बसली नाही. "मंग मूळ आकडा कशाला दिलाय तक्त्यात?" तिने विचारलं.

सर माझ्याकडे वळले. त्या विषयात मी पहिली होते. "तू काय लिहिलंस गं?"

मला पुण्याला जायला कुणाचं पत्र लागणार नव्हतं. वडील फी भरणार होते. माझे तीन गुण गेले असते तरी माझं काही अडणार नव्हतं. तरीही मी मान खाली घालून म्हणाले, "ए, सर."

"झालं तर मग," सर म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

मधल्या सुट्टीत तिने माझा पेपर मागितला. मी दप्तरातून काढून दिला. तिने ते पान काढलं आणि खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. खोडलेल्या रेघांखाली सी स्पष्ट दिसत होतं, शेजारी छोट्या अक्षरांत पन्नास टक्केही. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने पेपर न चुरगळता परत दिला.

"खोडायचं तर नीट खोडायचं," ती म्हणाली.

बोर्डाच्या परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना सरांनी फळ्यावर लिहून दिलं: वाढ भागिले मूळ लोकसंख्या, गुणिले शंभर. कुठून तरी विचारून आले असावेत. आपलं आधी चुकलं होतं, असं काही ते म्हणाले नाहीत. आम्ही सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. तिने पेनचं टोपण काढलं नाही. शिफारसपत्रांची यादी तोवर गेलेली होती.

त्यानंतर ती माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. पट्टी दे, तास कुठला, एवढंच. निकालानंतर ती भांडगावला परत गेली, एवढं कळलं.

माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीपुढे सरांच्या अक्षरात लिहिलेलं आहे: शांत व समंजस.