डाव्या कोपऱ्यातलं कंट्रोल

बेलापूरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, वकिलांसाठी कागदपत्रांची भाषांतरं करून देणारं एक ऑफिस आहे. जुने सातबारे, खरेदीखतं, मराठीतले जबाब यांचं इंग्रजी करायचं, नीट टाइप करायचं आणि वेळेत वकिलाच्या हातात द्यायचं. अशा ऑफिसात कुंदन ठाकूर हा एकटाच कॉम्प्युटरवाला. वय एकोणतीस, गाव जासई. वडील मिठागरात खपलेले. मुलाने बारावीनंतर एक जुना कॉम्प्युटर उघडून त्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं, तेव्हा हा काय उद्योग करतोय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्याच उद्योगावर कुंदनला ही नोकरी लागली होती. ऑफिसातली चौदाही मशीन लिनक्सवर त्यानेच आणली, आणि त्यांची किल्ली, म्हणजे रूटचा पासवर्ड, फक्त त्याच्याकडे होता. त्याला या गोष्टीचा जरा अभिमानच होता.

त्याच ऑफिसात स्मिता गोखले एकवीस वर्षं टाइप करत होत्या. सगळे त्यांना स्मिताताई म्हणायचे. सकाळी आठ ते दोन त्यांची पाळी, दोन ते आठ दिलीप म्हात्रे त्याच मशीनवर बसायचे. एक कीबोर्ड, दोन माणसं.

गेल्या जानेवारीत स्मिताताई कुंदनच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. डाव्या हाताची करंगळी त्यांनी उजव्या हातात धरली होती.

"कुंदन, डॉक्टर म्हणतात नस दबलीये. दिवसभर करंगळी वाकडी करून त्या कोपऱ्यातल्या कंट्रोलवर न्यायची, कॉपी, पेस्ट, सेव्ह. कोपरापर्यंत कळ जाते रे. ते बटण दुसरीकडे नेता येतं का?"

"येतं की," कुंदन म्हणाला. "कॅप्स लॉकच्या जागी. करंगळी तिथेच तर असते, सरकवायलाही लागत नाही."

"पण कॅप्स लॉक मला लागतं. इंग्रजी मथळे सगळे कॅपिटलमध्ये असतात."

"मग अदलाबदल करू. कॅप्सचं बटण कंट्रोल होईल आणि डावं कंट्रोल कॅप्स होईल."

तो त्यांच्या मशीनवर गेला, टर्मिनल उघडलं आणि एक ओळ टाइप केली: setxkbmap -option ctrl:swapcaps. एंटर दाबताच काम झालं. स्मिताताईंनी कॅप्सवर करंगळी ठेवून सी दाबलं, मजकूर कॉपी झाला. त्यांचा चेहरा असा खुलला की कुंदनलाच लाजल्यासारखं झालं.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परत आल्या. बटणं पुन्हा पहिल्यासारखी. तशी ती होणारच होती. ती ओळ चालू सेशनपुरतीच असते, लॉगआउट केलं की गेली. कुंदनने पुन्हा टाइप करून दिली. तिसऱ्या दिवशी साफसफाईच्या बाईंनी कीबोर्डची वायर काढून परत लावली, तेवढ्यानेही सेटिंग गेली, कारण मशीनच्या लेखी तो नवाच कीबोर्ड होता. चौथ्या दिवशी स्मिताताईंनी विचारायचं टाळलं आणि दुखतं बोट तसंच वापरलं. हे कुंदनने लांबून पाहिलं आणि त्याला वाईट वाटलं.

योग्य रस्ता त्याला माहीत होता. फक्त स्मिताताईंच्या खात्यात, लॉगिन झाल्यावर ती ओळ आपोआप चालेल अशी सोय करून द्यायची. दिलीपना त्याचा पत्ताही लागला नसता. वायर काढली की तेवढं पुन्हा लॉगिन करावं लागलं असतं, एवढंच. पण शुक्रवारची संध्याकाळ होती, सोमवारी जासईला चुलतभावाची हळद, आणि त्याला गोष्ट कायमची मिटवायची होती. वायर निघो की मशीन बंद पडो, बटणं हलता कामा नयेत. म्हणून त्याने रूटने /etc/default/keyboard ही फाइल उघडली, त्यात XKBOPTIONS="ctrl:swapcaps" लिहिलं आणि मशीन रीस्टार्ट केलं. आता ही सेटिंग सगळ्या खात्यांना, अगदी लॉगिनच्या पडद्यालासुद्धा लागू झाली.

स्मिताताईंना त्याने फोन करून सांगितलं, "ताई, आता कायमचं करून ठेवलंय."

"आणि दिलीप?"

"त्यांना मी सांगतो."

दिलीप त्या दिवशी लवकर घरी गेले होते. कुंदनही बॅग उचलून निघाला. फोनवर सांगू, असं त्याने मनात ठरवलं. शनिवार मंडपाचं सामान आणण्यात गेला, रविवारी पाहुणे आले, आणि ती गोष्ट डोक्यातून साफ गेली.

सोमवारी दुपारी दिलीप खुर्चीत बसले. पडदा काळा झालेला होता. तो जागा करायला ते नेहमी डावं कंट्रोल दाबायचे, कारण त्याने काही अक्षर उमटत नाही. त्यांनी ते दाबलं, म्हणजे नकळत कॅप्स लॉक लावलं. पासवर्ड टाकला, चुकला. पासवर्डच्या चौकटीत कॅप्स चालू असल्याची छोटी खूण दिसत होती. ती पाहून त्यांनी कॅप्स लॉक दाबलं. खूण जाईना. पुन्हा दाबलं. जाईना. ते बटण आता कंट्रोल होतं हे त्यांना कुठून कळणार? त्यांना वाटलं कीबोर्ड बिघडलाय, खूण उगाच दिसतेय. म्हणून आणखी दोनदा पासवर्ड टाकला, आणि तिसऱ्या चुकीला खातं कुलूपबंद झालं. हा तीन चुकांचा नियम कुंदननेच लावलेला होता.

पाच वाजता एका अपिलाची कागदपत्रं वकिलांकडे पोचायला हवी होती. तयार फाइल दिलीपच्या खात्यात होती. दिलीपनी कुंदनला फोन लावला. मग शाखाप्रमुख मनाली सबनीस यांनी लावला. एकूण सतरा वेळा. जासईत हळदीच्या मंडपात स्पीकर इतके मोठे होते की खिशातला फोन थरथरतोय हे कुंदनला साडेसहाला कळलं. तोवर कागदांसाठी स्वतः ऑफिसात येऊन थांबलेले वकील संतापून निघून गेले होते, अपील एक दिवस उशिरा दाखल होणार होतं, आणि उशीर माफ करा म्हणून कोर्टापुढे अर्ज करावा लागणार होता.

फोनवर दिलीप म्हणाले, "अरे, कॅप्स दाबलं तरी कॅप्स जातच नव्हतं!"

कुंदन मंडपाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला उभा होता. समोरून कंटेनरचे ट्रेलर जात होते. ते वाक्य त्याने ऐकलं. एका क्षणात त्याला सगळं दिसलं.

मंगळवारी सकाळी मनाली मॅडमनी त्याला आणि स्मिताताईंना केबिनमध्ये बोलावलं.

"मशीनला काय झालं होतं?"

"बटणांची सेटिंग बदललेली आहे," कुंदन म्हणाला. "लगेच सरळ करून देतो."

बदललेली आहे. कोणी बदलली ते त्या वाक्यात नव्हतं. ते शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हाच त्याला ऐकू आलं की आपण काय गाळलं.

"बदलली कोणी?" मॅडमनी विचारलं.

स्मिताताईंनी कुंदनकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, त्या फक्त वाट पाहत होत्या. पुढचं वाक्य त्याचं आहे असं त्यांना वाटत होतं. कुंदनने टेबलावरच्या काचेकडे पाहिलं. मे महिन्यात त्याचं लग्न ठरलेलं होतं. आता नोकरी गेली तर?

"माझ्यासाठी बदलली होती," स्मिताताई शेवटी म्हणाल्या. "बोट दुखतं म्हणून."

"म्हणजे तुम्हीच केलंत? नेटवर बघून?"

"चूक माझी समजा, मॅडम."

मॅडमनी तेच समजलं; त्या बदलाला रूटचा पासवर्ड लागतो हे त्यांना माहीत नव्हतं. कुंदन जागेवर आला, फाइलमधली ती ओळ काढली, मशीन रीस्टार्ट केलं, दिलीपचं खातं उघडून दिलं. सगळं मिळून चार मिनिटं लागली. स्मिताताई पुन्हा कोपऱ्यातल्या कंट्रोलपाशी करंगळी नेऊ लागल्या. त्यांच्यासाठी त्यांच्या खात्यात ती सोय करून द्यायचीसुद्धा आता कुंदनची हिंमत होईना. केली तर लोक विचारतील, मग सगळंच बाहेर येईल.

दोन आठवड्यांनी त्यांना टायपिंगवरून काढून कपाटांच्या खोलीत फाइली लावायला बसवलं. महिन्याच्या शेवटी त्यांनी राजीनामा दिला. निरोपाच्या समोशांच्या वेळी त्या सगळ्यांशी बोलल्या, कुंदनशीही, "लग्नाला बोलाव हं" एवढंच.

त्याने बोलावलं नाही. त्यांचं नाव घातलेली पत्रिका तशीच कपाटात राहिली. त्याचं जेवणावर लक्ष नसायचं. आई, गोजरा, एकदोनदा म्हणाली, "काय झालाय रं तुला?" त्याने काम जास्त आहे असं सांगितलं.

लग्नानंतर जूनमध्ये एका रविवारी तो नेरुळला त्यांच्या घरी गेला. दार त्यांनीच उघडलं. डाव्या हाताला कापडी पट्टा होता. कोपराजवळ ऑपरेशन झालं होतं, पण करंगळीला अजून नीट जाणीव नव्हती.

"ताई, मी तेव्हा बोलायला हवं होतं."

"हो," त्या म्हणाल्या.

त्यांनी "जाऊ दे" म्हणावं अशी त्याची आशा होती. त्या तसं म्हणाल्या नाहीत. पाणी आणून दिलं आणि समोर बसल्या.

"तुझं नाव मी घेतलं नाही, कारण तू माझ्या बोटाचा विचार केला होतास. एकवीस वर्षांत दुसऱ्या कोणी केला नव्हता. पण मग तू मला एकटीला टाकलंस. केबिनमधलं राहू दे. बाहेर आल्यावर तरी मला येऊन सांगायचंस ना, की ताई, मी घाबरलो. मला तेवढं पुरलं असतं."

कुंदनने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग तो म्हणाला, "घरी कॉम्प्युटर असेल तर मी नीट करून देतो. फक्त तुमच्या खात्यात. कोणाला त्रास होणार नाही असं."

"आता कुठे टाइप करते मी," त्या म्हणाल्या, अगदी साधेपणाने. मग त्यांनी त्याच्या बायकोचं नाव विचारलं. सुचिता, तो म्हणाला. छान, त्या म्हणाल्या.

सोमवारी तो मनाली मॅडमच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं: फाइल कोणी उघडली, दिलीपना कोण सांगणार होतं, मंगळवारी गप्प कोण राहिलं.

"आत्ता सांगतोयस? त्यांच्या जागेवर माणूस घेऊन झाला."

त्याला लेखी ताकीद मिळाली. नोकरी गेली नाही. ज्या भीतीने तो गप्प बसला होता, ती भीतीच खोटी होती, आणि हेच त्याला जास्त लागलं. मॅडमनी स्मिताताईंना फोन करून माफी मागितली, परत येता का असंही विचारलं. त्या नम्रपणे नाही म्हणाल्या.

कुंदन अजून तिथेच आहे. ऑफिसात कोणी काही बदलून मागितलं की आधी विचारतो, या मशीनवर आणखी कोण बसतं. लोकांना वाटतं हा फार काटेकोर माणूस आहे. नेरुळला तो त्यानंतर गेला नाही. दिवाळीला एकदा फोन केला होता. स्मिताताईंनी उचलला, चौकशी केली, फराळाचं विचारलं, आणि दोन मिनिटांत ठेवला.