आधीच टाइप केलेली संमती

एक्केचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. त्याआधीची पंधरा वर्षं मुळशीतल्या एका धर्मादाय रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होते. उरवडे-पिरंगुटच्या कारखान्यांतून आमच्याकडे हात यायचे. पॉवर प्रेसमध्ये सापडलेले, पत्र्याने कापलेले, शिवून झाल्यावर आखडलेले. त्या हातांविषयी नीट शिकायचं होतं म्हणून मी पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश घेतला. रुग्णालयाने बरोबर दोन वर्षांची रजा दिली. विश्वस्तांनी पत्रात ‘एक दिवसही वाढवून मिळणार नाही’ हे वाक्य अधोरेखित करून पाठवलं होतं. ते मी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं आणि कामाला लागले.

प्रबंधाचा विषय ठरलेलाच होता: प्रेसवर जखमी झालेल्या हातांची ताकद आणि कामावर परतणं. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, विभागाच्या छाननी बैठकीत मांडला. विभागप्रमुख म्हणाले, “रुग्ण बाहेरचे, शस्त्रक्रिया बाहेरची. ज्यांचे रुग्ण आहेत ते शल्यचिकित्सक को-गाइड म्हणून हवेत. त्यांचं संमतिपत्र लावा, नाहीतर विषय बदला.”

आराखडे स्वीकारण्याची शेवटची मुदत पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी एकची होती. ती चुकली तर सत्र गेलं, आणि सत्र गेलं तर माझी रजा पुरत नव्हती. विषय बदलायचा तर मी आलेच कशाला होते?

को-गाइड कोण हवेत हे मला ठाऊक होतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेले एक प्लास्टिक सर्जन पिरंगुटच्या अलीकडे छोटं रुग्णालय चालवायचे. आमच्याकडे येणारे निम्मे हात त्यांनीच शिवलेले असत. टाके पाहूनच कळायचं. प्रत्यक्ष भेट कधी झाली नव्हती.

माझी गाइड माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. वर्गात मी तिला मॅडम म्हणायचे आणि दार बंद झालं की ती मला ताई म्हणायची. तिने कपाटातून एक जुनी फाइल काढून दिली. “ताई, यात सगळं आहे. निमंत्रणाचं पत्र, संमतीचा नमुना, आराखडा. मागच्या बॅचच्या मुलीचं. तुमची नावं घाला आणि द्या.”

अशी फाइल प्रत्येक विभागात असते. ती मुलगी मनगटाच्या फ्रॅक्चरवर काम करून गेली होती. आराखडाही मी त्याच साच्यावर बेतला होता. पत्रात दोन ओळी स्तुतीच्या होत्या, ‘आपल्या प्रदीर्घ अनुभवाचा लाभ’ वगैरे, त्या तशाच ठेवल्या. सोबत संमतिपत्र टाइप करून जोडलं: ‘मी सदर संशोधनाचा आराखडा वाचला असून सह-मार्गदर्शक म्हणून काम करण्यास माझी संमती आहे.’ सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली. तीन प्रती. आराखडा मात्र जोडला नाही. मोठ्या माणसाला चोवीस पानं कशाला वाचायला लावायची, असं गाइडही म्हणाली आणि मलाही पटलं.

मंगळवारी पाकीट त्यांच्या काउंटरवर दिलं. गुरुवारी तिथूनच परत मिळालं. काउंटरवरच्या बाईंनी ते दोन बोटांत धरून पुढे केलं. “सरांनी दिलंय.” पत्रावर लाल शाईत एकच ओळ होती: ‘न वाचलेलं वाचलं म्हणून मी सही करत नाही.’ फुलीभोवतीही त्यांनी लाल गोल काढला होता.

मला राग आला. चांदणी चौकापर्यंत स्कूटरवर मी त्यांच्याशी भांडत गेले. गाइडने पत्र पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “जाऊ दे ना ताई. आपल्याकडचे सर्जन सर आहेत की. कॉरिडॉरमध्ये गाठू, पाच मिनिटांत सही देतील.”

“ते हात शिवतात का?”

“सही तर देतात.”

“मग परीक्षेत त्यांनी शिवलेले हातच दाखवू,” मी म्हटलं. ती हसली, पण शनिवारची आठवण करून द्यायला विसरली नाही. मी डायरीतलं ‘सही’ हे काम खोडलं आणि त्या जागी लिहिलं: ‘आराखडा घेऊन स्वतः जाणे.’

सोमवारी सकाळी नऊला मी त्यांच्या ओपीडीत नंबर लावला. सतरावा मिळाला. शेजारी चाळिशीचा एक माणूस उजवा हात गळ्यात अडकवून बसला होता. उरवड्याच्या कारखान्यात होता, घर माणला.

“म्याडम, तुमाला काय झालंय?”

“काही नाही. डॉक्टरांची सही हवी आहे.”

“मंग डबा आणलाय का संगं?” तो हसला. “माज्या रजेच्या कागदावर सही घ्यायला कंपनीचा मानूस तीनदा आला. डॉक्टर म्हंत्यात, हितं ‘किरकोळ जखम’ कुनी लिवलं? खोडून आण. लई वंगाळ मानूस हाय. पन बोटं हायेत माजी, त्येच्यामुळं.”

त्याच्या त्या बोलण्याने माझा राग अर्धा उतरला. कंपनीच्या आणि माझ्या कागदात तसा फरक नव्हता. दोघांनीही उत्तर आधी लिहून आणलं होतं.

नंबर आला तेव्हा डॉक्टर ड्रेसिंगच्या टेबलाशी उभे होते. सत्तरीच्या आसपास, बारीक, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. मी नाव सांगितलं.

“फुलीवाल्या बाई,” ते म्हणाले.

“हो सर. आराखडा आणलाय.”

“बसा.”

त्यांनी पुढचे दोन रुग्ण तपासले आणि मग खुर्चीत बसून चोवीसच्या चोवीस पानं वाचली. मी भिंतीवरच्या बोटांच्या चित्राकडे पाहत राहिले. नवव्या पानावर ते थांबले.

“सहाव्या आठवड्यात मुठीची ताकद मोजणार?”

“हो सर.”

“पूर्ण जोर लावून?”

“हो. तीनदा, आणि सरासरी.”

“सगळ्यांची?”

मी हो म्हणणार होते. त्यांनी दाराकडे पाहून हाक मारली आणि तो माणचा माणूस आत आला. डॉक्टरांनी त्याची पट्टी सोडली. तळहातावर बोटांच्या मुळाशी नागमोडी टाक्यांची खूण होती. बोटं मिटवणाऱ्या दोऱ्या, ज्यांना आम्ही टेंडन म्हणतो, तुटल्या होत्या आणि जोडल्या होत्या.

“पाच आठवडे झाले. बाई, पुढच्या आठवड्यात यांच्या हातात तुमचं यंत्र द्या आणि सांगा, आवळा, जीव खाऊन आवळा.”

रुग्णालयात अशा हाताला मी आठ आठवडे होईपर्यंत ओलं फडकंसुद्धा पिळू दिलं नव्हतं. सहा आठवडे हा आकडा फ्रॅक्चरवाल्या मुलीचा होता. जुळलेल्या हाडाला तो चालतो. जोडलेली दोरी तेव्हा कच्ची असते, जोर लावला तर तुटते. पंधरा वर्षं जे हाताला कळत होतं ते मी कागदावर उतरवताना विसरले होते, कारण कागद मुळात माझा नव्हता.

“तुटेल सर,” मी म्हटलं.

“कोनाची?” माणसाने हात छातीशी घेतला.

“कोणाची नाही,” डॉक्टर म्हणाले. “बाईंनी आता वाचलंय.” मग माझ्याकडे वळून, “परवाच्या कागदावर सही केली असती तर ही दोरी माझ्या सहीने तुटली असती. पूर्वी एकदा माझं नाव असंच एका प्रबंधावर छापून आलं. बांधलेली प्रत घरी आली तेव्हा मला कळलं की मी को-गाइड होतो.”

“मी आराखडा दुरुस्त करून आणते. सर, तुम्ही को-गाइड व्हाल का?”

“आधी पत्र पुन्हा लिहा. मी कोण आहे ते मला माहीत आहे. मी काय करायचं ते लिहा. आणि विद्यार्थ्याने नाही, गाइडने बोलवायचं असतं.”

हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. मी तेवढ्यावर निघाले. त्या दुपारी घरात जेवणाच्या टेबलावर दोन वर्षांचं कॅलेंडर पसरलं. टेंडनवाल्यांचा वेगळा गट करायचा आणि त्यांची ताकद बारा आठवड्यांनी, तीही डॉक्टरांनी हात पाहून परवानगी दिल्यावरच मोजायची. म्हणजे प्रत्येकामागे सहा आठवडे जास्त. शेवटचा रुग्ण कधीपर्यंत घ्यावा लागेल हे उलटं मोजत आले. बसत होतं. दिवाळीची सुट्टी आणि आजारी पडायची सोय काढून टाकली की बसत होतं.

गाइडला दाखवलं तेव्हा तिने नववं पान पुन्हा वाचलं. “ताई, ही चूक माझ्याही नजरेतून सुटली.” मग तिने स्वतः खुर्ची ओढून संगणकापुढे बसून पत्र लिहिलं. मी मागे उभी होते. स्तुतीच्या ओळी गेल्या. त्यांच्या जागी आलं: ‘रुग्णांची निवड आपण पाहावी. टेंडन जोडलेल्या प्रत्येक रुग्णाची चाचणी आपल्या लेखी परवानगीनंतरच होईल. विद्यार्थिनी दर गुरुवारी आपल्या ओपीडीत उपस्थित राहील. प्रत्येक प्रकरण छपाईपूर्वी आपल्याला दाखवले जाईल. यापैकी काही अमान्य असल्यास कळवावे.’ खाली तिची सही, मग विभागप्रमुखांची. सोबत दुरुस्त आराखडा. संमतीचा नमुना जोडला नाही.

बुधवारी पाकीट दिलं. गुरुवारी बोलावणं नसतानाच मी ओपीडीत जाऊन कोपऱ्यात उभी राहिले, पत्रात गुरुवार लिहिला होता म्हणून. डॉक्टरांनी बारापर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. मग एका बाईचं आखडलेलं बोट माझ्यापुढे धरून म्हणाले, “हे सरळ होईल?” मी तपासलं आणि सांगितलं, “पूर्ण नाही. पण विळा धरता येईल इतकं होईल.” त्यांनी मान हलवली, पुढचा रुग्ण घेतला.

शुक्रवारी संध्याकाळी काउंटरवर लिफाफा होता. त्यांच्या लेटरहेडवर, त्यांच्याच बारीक तिरक्या अक्षरात: आराखडा वाचला, नववं पान दुरुस्त केल्याचं पाहिलं, सह-मार्गदर्शक होण्यास संमती आहे, पत्रातल्या अटी बंधनकारक समजाव्यात. खाली पदवी, अध्यापनाचा अनुभव, सही. मी ते तिथेच उभ्याने दोनदा वाचलं.

शनिवारी सव्वाबाराला महाविद्यालयाच्या कार्यालयात गेले. लिपिकाने पानं उलटली. “हे हाताने लिहिलेलं चालणार नाही. नमुन्यात आणा. हा घ्या.” त्याने ओळखीचा कागद पुढे सरकवला. तीच ओळ, तीच रिकामी जागा.

“नमुना सक्तीचा आहे असं कुठे लिहिलंय?”

“सगळे असंच देतात.”

मी फाइलीतून को-गाइडच्या संमतीविषयीचं विद्यापीठाचं परिपत्रक काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. लेटरहेड, सही, पदवी, अनुभव. त्यात मागितलेल्या या चारही गोष्टींवर मी आदल्या रात्रीच खुणा केल्या होत्या. त्याने एकेक ताडून पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि शिक्का मारला. बारा वाजून अडतीस मिनिटं झाली होती.

“एवढं स्वतः लिहायला वेळ मिळतो का हो डॉक्टरांना?” त्याने पोच देताना विचारलं.

“वाचायला मिळतो,” मी म्हटलं.

माणच्या त्या माणसाने बारा आठवडे पूर्ण झाल्यावर, डॉक्टरांच्या लेखी परवानगीनंतर, यंत्र आवळलं. माझ्या नोंदवहीतला टेंडन गटाचा तो पहिला आकडा. काटा फार पुढे गेला नाही. त्याने विचारलं, “तुटलं न्हाई ना?” मी म्हटलं, नाही. मग त्याने ठरल्याप्रमाणे आणखी दोनदा आवळलं आणि मी सरासरी काढली.