कानामागचा घट्टा

यशया शिरसाठ साखर कारखान्यात फिटर. श्रीरामपूरच्या अलीकडे दहा किलोमीटरवर कारखाना, तिथल्या मिल हाऊसमध्ये त्याचे एकोणीस हंगाम गेले. उसाचा रस काढणारे अवजड रोलर तिथे फिरतात. कुठलं बेअरिंग बिघडायला लागलंय, हे बंद पडायच्या आधी सांगणं हे त्याचं काम.

त्यासाठी त्याच्याकडे एक सळई होती. दीड हात लांब, एका टोकाला लाकडी मूठ. टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि श्वास रोखून ऐकायचं. चांगलं बेअरिंग एकसारखं गुणगुणतं. बिघडलेलं मधेच कुरकुरतं. यशयानं सांगितलं आणि बेअरिंग उघडल्यावर चांगलं निघालं, असं एकोणीस हंगामांत दोनदा झालं. त्या दोन्ही तारखा त्याला पाठ होत्या.

आठ-नऊ वर्षांपासून मात्र त्याला माणसांचं बोलणं कमी ऐकू यायला लागलं होतं. घरी बायको मरिया दोनदा हाक मारायची, तिसऱ्यांदा पळी आपटायची. चर्चमध्ये पाळकसाहेबांचं प्रवचन तो ओठांवरून वाचायचा. गंमत अशी, की मिल चालू असली, सगळे ओरडून बोलायला लागले, की त्याला सगळं कळायचं. मिल थांबली की हा बहिरा.

"लई बेरकी हाय यशया," फोरमन रंगनाथराव सगळ्यांदेखत म्हणायचे. "कामाचं बराबर ऐकू येतं. ओव्हरटाईमचं इचारलं की कान बंद!"

सगळे हसायचे. यशयाही हसायचा. काय म्हणाले ते अर्धंच कळलेलं असायचं.

ऑगस्टमध्ये कारखान्यात आरोग्य तपासणीची गाडी आली. बॉयलरमागे उभी राहिली, जनरेटर घरघरत होता. एकेकाला आत बसवून डोक्यावर हेडफोन चढवायचे. आवाज आला की बटण दाबायचं. माणशी पाच मिनिटं. यशयाला खात्री झाली तेव्हाच त्यानं बटण दाबलं. आठ दिवसांनी चीफ इंजिनिअर साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"शिरसाठ, रिपोर्ट वाईट आहे," साहेब मोठ्यानं म्हणाले. "मिलच्या आवाजानं कानाची नस गेली. कायमची. यावर इलाज नाही. येत्या हंगामात तुम्ही केन यार्डात ऊसगाड्यांना टोकन वाटायचं. पगार तोच राहील."

"साहेब, मिलवर माझी चूक झाली का एखादी?"

"चूक झाल्यावर मशीनमध्ये हात गेला तर? बहिरा माणूस मिलवर ठेवता येत नाही मला."

साहेब चांगले होते, म्हणून तर जास्त लागलं. त्यानं सळई फडक्यात गुंडाळून घरी नेली. मरियानं ती दाराआड उभी पाहिली आणि काय ते समजली.

"नगरला जाऊन दाखवून या," ती म्हणाली.

"नस गेली म्हन्तात. काय दाखवू?"

"गाडीवाल्यानं पाच मिनटांत सांगितलं. तुमी एक बेअरिंग तपासायला किती वेळ घेता?"

यशया दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं नगरला गेला.

नगरच्या दवाखान्यात कानाची तपासणी करायला नॅन्सी साळवे म्हणून ऑडिओलॉजिस्ट होती. तिशीची, केडगावची. तिनं गाडीचा रिपोर्ट पाहिला. कागदावर दोनच रेषा होत्या. उजव्या कानाची लाल गोलांची, डाव्या कानाची निळ्या फुल्यांची.

"काका, ही तपासणी अर्धीच आहे," ती त्याच्या समोर येऊन, तोंड दिसेल असं बोलली. "हेडफोनमधून दिलेला आवाज कानाच्या भोकातून, पडद्यावरून, आतल्या बारीक हाडांवरून नसेपर्यंत जातो. ह्या रेषा सांगतात की तो पोचत नाही. वाटेत अडतोय की नसच ऐकत नाही, हे ह्यावरून कळत नाही."

"मंग नस गेली आसं कसं लिहिलं?"

"मिलमध्ये काम, वय त्रेचाळीस. अंदाजानं लिहिलं असेल. आणि काका, तुम्ही फार हळू बोलता."

"म्हंजी?"

"ज्याची नस गेलेली असते त्याला स्वतःचाही आवाज कमी येतो, म्हणून तो बहुतेक मोठ्यानं बोलतो. तुम्हाला स्वतःचा आवाज मोठा वाटतो का?"

"व्हय. डोक्यात घुमतो."

नॅन्सीनं मान हलवली. त्याला आवाज न येणाऱ्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि काचेपलीकडे जाऊन बसली. टुंई आवाज आला. यशया थांबला. पुन्हा आला. पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा स्वच्छ आला तेव्हा त्यानं बटण दाबलं.

दहा मिनिटांनी ती दार उघडून आत आली.

"काका, तुम्ही खात्री करून दाबताय ना?"

"मग? शंकेवर मिल बंद करत न्हाई आमी."

नॅन्सी हसली. "इथं मिल बंद पडत नाही. आल्यासारखं वाटलं तरी दाबा. अगदी पुसट आवाज, जो निम्म्या वेळा येतो आणि निम्म्या वेळा येत नाही, तोच मला हवाय. तुमच्या चोखपणानं तुमचा कान आहे त्याहून वाईट दिसतोय."

एकोणीस वर्षांची सवय मोडायची म्हणजे बेअरिंग बदलण्याहून अवघड. पण त्यानं मोडली. नव्यानं सुरुवात झाली. रेषा गाडीच्या रिपोर्टापेक्षा वर आल्या, तरी चांगल्या नव्हत्या. उजवा कान पंचावन्न डेसिबल, डावा पंचेचाळीस. पंचवीसच्या आत असायला हवं होतं.

मग तिनं हेडफोन काढले. काड्यापेटीहून लहान एक ठोकळा, स्टीलच्या पट्टीला लावलेला. तो उजव्या कानामागच्या हाडावर बसवायला तिनं केस बाजूला केले आणि थांबली. कानामागे कातडी काळी, जाड, पायाच्या टाचेसारखी झाली होती.

"हा घट्टा कसला?"

"सळईचा," यशया म्हणाला. मूठ कशी धरतो ते त्यानं हातानं करून दाखवलं.

"मूठ कानाच्या भोकाशी नाही धरत?"

यशया विचारात पडला. शिकताना भोकाशीच धरायचा. उस्तादानं तसंच शिकवलं होतं. मग कधीतरी मागं सरकली. तिथं जास्त नीट ऐकू यायचं, म्हणून. हे त्याच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं.

"आणि तिथून बेअरिंग ऐकू येतं?"

"बारकं खरखरलं तरी येतं."

नॅन्सीचे हात भरभर चालायला लागले. घट्टा चुकवून, जरा वर मऊ कातडीवर तिनं ठोकळा बसवला. डाव्या कानात बारीक बूच घातलं.

"ह्या बुचातून वारा सुटल्यासारखा आवाज येईल. हाडावर दिलेला आवाज डोक्यातून दोन्ही कानांना पोचतो. म्हणून डाव्याला ह्या वाऱ्यात गुंतवून ठेवायचं, म्हणजे उत्तर उजव्याचंच मिळेल. वाऱ्याकडे लक्ष देऊ नका, टुंई ऐका."

"मिलमध्ये तेच करतो की."

टुंई आली. बारीक, दूरची, पण आली. आल्यासारखं वाटलं की तो दाबत गेला. आवाज आणखी बारीक झाला, तरी येतच राहिला. शेवटी शेवटी तर काचेपलीकडे नॅन्सी हसताना दिसत होती. मग डाव्या कानाची पाळी. काम संपायला पाऊण तास लागला. यशयाला ते बरं वाटलं. पाऊण तास म्हणजे तपासणी.

तिनं तक्ता समोर ठेवला.

"वरून खाली वाचायचं. रेषा जितकी खाली, तितका आवाज मोठा करावा लागला. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. हे लाल गोल हवेतून आलेल्या आवाजाचे, पंचावन्नवर. आता हे चौकटी कंस बघा, हाडावरून दिलेल्या आवाजाचे."

कंस वर होते. दहा, दहा, पंधरा. एका ठिकाणी पंचवीस.

"नस गेली असती तर कंसही गोलांबरोबर खाली आले असते, दोन्ही रेषा चिकटून. आवाजानं बिघडलेल्या कानात बहुतेक चार हजार कंपनांच्या बारीक आवाजापाशी खड्डा पडतो, दोन्ही रेषांना. तुमच्यात दोन रेषांत चाळीसचं अंतर आहे आणि जाड आवाजालाच जास्त कमी ऐकू येतं. नस जवळजवळ शाबूत आहे, काका. अडलंय ते वाटेत."

यशयानं दोन रेषांमधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, "म्हंजी मोटर चांगली हाय. कपलिंग जाम झालंय."

"अगदी तसंच."

त्यानं डोळे पुसले. नॅन्सी तक्त्यावर सही करत बसली, उगाच दोनदा.

कानाच्या डॉक्टरांनी पडदा पाहिला, शाबूत होता. दोन शाखांचा, कंपणारा नादकाटा आधी कानापुढे धरला, मग त्याची दांडी कानामागे टेकवली. यशयाला मागेच मोठं ऐकू आलं. आणखी एक-दोन तपासण्या झाल्या. कानातलं, शरीरातलं सगळ्यांत लहान हाड जागेवर घट्ट रुतलंय, हलतच नाही, डॉक्टर म्हणाले. "त्याच्या जागी बारीक पिस्टन घालता येतो. कानाचं मशीन लावूनही ऐकता येईल. ऑपरेशन केलं तर शंभरातल्या एखाद्याचा कान पूर्ण जातो, हेही ऐकून ठेवा."

"पिस्टन घाला," यशया म्हणाला. "जास्त खराब हाय त्यो कान आधी. दुसरा राहू द्या."

सप्टेंबरात उजव्या कानाला भूल देऊन ऑपरेशन झालं. पिस्टन बसला आणि टेबलावर पडल्या पडल्या त्याला ट्रेमध्ये चिमटा ठेवल्याचा आवाज आला. कोणी बोललं नव्हतं, कोणी ओरडलं नव्हतं. नुसता चिमटा.

घरी सहा आठवडे वजन उचलायचं नाही, शिंक दाबायची नाही. त्यानं सगळं पाळलं, मरियानं पाळायला लावलं. दिवाळीच्या सुमारास नॅन्सीनं पुन्हा तक्ता काढला. लाल गोल वर चढून वीसवर आले होते, कंसांच्या शेजारी. मधली मोकळी जागा भरली होती.

"अंतर गेलं," ती म्हणाली, आणि हे यशयानं तिचं तोंड न बघता ऐकलं. ती मुद्दाम पाठ करून उभी होती.

चीफ इंजिनिअर साहेबांनी दोन्ही तक्ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. यशयानं बोट ठेवून वाचून दाखवले. गोल कुठले, कंस कुठले, अंतर कसं मोजायचं. साहेबांनी मधे एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर त्यानं दिलं. मग साहेबांनी केन यार्डाची ऑर्डर फाडली.

"अट एक," ते म्हणाले. "डॉक्टरांनी लिहिलंय, मिलवर कानाला आवाज अडवणारा मफ. चालू मिलमध्ये क्षणभरही काढायचा नाही."

"व्हय साहेब. आधी जाम कपलिंगच मफचं काम करत हुतं. आता राखावं लागंल."

हंगामाची पहिली उसाची मोळी टाकायच्या आदल्या दिवशी मिल रिकामी फिरवून पाहिली. यशया मफ घालून, सळई घेऊन फिरला. मफची गादी जरा उचलून त्याखाली मूठ सरकवता येत नव्हती, म्हणून त्यानं मूठ कपाळावर टेकवली. हाडच ते. तिसऱ्या मिलच्या खालच्या बेअरिंगपाशी तो थांबला. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मग हात वर केला. मिल थांबली.

बेअरिंग उघडलं. आतल्या पितळेवर नखाएवढा ओरखडा, ग्रीसमध्ये चमचमता चुरा. हंगामात आठ दिवस टिकलं नसतं.

सगळं शांत होतं. यशयानं मफ काढून गळ्यात अडकवला. रंगनाथराव पुढे झाले आणि नेहमीसारखे त्याच्या कानात खच्चून ओरडले, "शाब्बास यशया!"

यशया दोन पावलं मागे सरला.

"रंगनाथराव," तो म्हणाला, "ओरडताय कशाला? मी काय बहिरा हाय?"