संस्थेच्या फळ्यावर दहा कोड

कोल्हापुरात उद्यमनगरात एका लेथ वर्कशॉपच्या डोक्यावर आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. गावोगावच्या दूध संस्थांसाठी आम्ही एक वेबसाइट चालवतो आणि तिचे स्क्रीन मी आखते. रोज सकाळी संस्थेचा सचिव तिच्यावर किती लिटर दूध आलं, फॅट किती लागली ते भरतो. मागे आमच्या साहेबांनी ठरवलं की आता नुसत्या पासवर्डवर कुणाला आत सोडायचं नाही. पासवर्डनंतर फोनमधल्या एका अ‍ॅपवर दिसणारे सहा आकडेही टाकायचे. आणि फोनच गेला तर? त्यासाठी नोंदणी करतानाच दहा राखीव कोड द्यायचे. आकड्यांच्या जागी त्यातला एक टाकला की काम भागतं, पण एक कोड एकदाच चालतो.

कोड दाखवायचा तो स्क्रीन मी केला. वर लाल ओळ : ‘हे कोड पुन्हा दिसणार नाहीत.’ खाली चौकोन : ‘मी हे कोड जपून ठेवले आहेत.’ त्यात टिक केल्याशिवाय ‘पुढे’ जाताच येत नव्हतं. त्या चौकोनाचा मला इतका अभिमान होता की दोन दिवस मी ऑफिसात जरा ताठच चालत होते.

पंधरवड्यात मुरगूडकडच्या एका संस्थेच्या सचिवांचा संस्थेच्या लँडलाइनवरून फोन आला. त्यांचा मोबाइल दुधाच्या कॅनमध्ये पडला होता.

“राखीव कोड आहेत ना?” मी विचारलं.

“हाईत की. फोटू काढून ठेवलाय.”

“कुठे?”

“मोबाइलमदीच. त्यापरास जपून काय ठेवतोय मी?”

शेजारी बसणाऱ्या आमच्या सपोर्टच्या बाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मला मात्र राग आला. एवढी ठसठशीत लाल ओळ, आणि माणूस ती वाचत नाही म्हणजे काय?

“तुमच्याकडं असतीलच की, ताई. वाचून दाखवा.”

तेच तर आमच्याकडे नव्हते. सर्व्हरवर कोडांचं असं रूप साठवलेलं असतं की टाकलेला कोड बरोबर की चूक एवढं पडताळता येतं, पण मूळ कोड परत काढता येत नाही. आता एकच वाट होती : संस्थेच्या अध्यक्षांच्या सहीचं पत्र आणायचं, आम्ही खात्री करून घ्यायची आणि जुनी नोंदणी काढून टाकायची. हे ऐकल्यावर ते आवाज खाली आणून म्हणाले, “अध्यक्षांस्नी सांगाय लागतंय व्हय? त्यांचा पुतण्या कॉम्प्युटर शिकून बसलाय. माझ्या खुर्चीकडंच बघतोय त्यो.”

दुसऱ्या दिवशी सचिव स्वतः पत्र घेऊन आले. सही देण्याआधी अध्यक्षांनी काय काय ऐकवलं असेल, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आमच्या बाईंनी अध्यक्षांना फोन करून खात्री केली आणि जुनी नोंदणी काढली. नव्या मोबाइलवर सचिवांनी माझ्यासमोरच नोंदणी केली. लाल ओळीकडे ढुंकूनही न बघता दोन सेकंदांत चौकोनात टिक.

“वाचलंत का, काका?”

“टिक कराय चौकोन दिला की टिक करायची. गॅसच्या फॉर्मवर बी करतोय की.”

बाई पुन्हा हसल्या. या वेळी माझ्यावर. आणि मला पहिल्यांदा वाईट वाटलं, कारण माझ्या चौकोनापायी या माणसाला साठीच्या उंबरठ्यावर मान खाली घालावी लागली होती.

मी तो चौकोन काढून टाकला. आता कोड कागदावर छापायचे, मग पुढच्या स्क्रीनवर, जिथे कोड दिसत नाहीत तिथे, कागदावर बघून त्यातला एक टाकायचा. तो बरोबर आला तरच नोंदणी पुरी. चाचणीसाठी टाकलेला कोड खर्ची पडत नव्हता, एवढी माया मी ठेवली होती. लाल ओळीच्या जागी लिहिलं : ‘फोन हरवल्यावर हा कागद लागेल, म्हणून तो फोनमध्ये ठेवू नका.’ आणि हौसेला मोल नसतं, तेव्हा कागदावर वरती संस्थेचं पूर्ण नाव, तारीख, ‘महत्त्वाचे’ असं ठळक शीर्षक आणि भोवती नाजूक किनार.

नवी सोय पहिली त्याच सचिवांना दिली. चार दिवसांनी ती कशी चाललीय बघायला मी संस्थेत गेले. दारातच फळ्यासमोर गर्दी. फॅटच्या तक्त्याच्या आणि वार्षिक सभेच्या नोटिशीच्या मधोमध माझा किनारीचा कागद, चारी कोपऱ्यांना पिना आणि खाली संस्थेचा गोल शिक्का.

“हे इथे कुणी लावलं?” मी विचारलं.

“मीच की,” सचिव म्हणाले. “संस्थेच्या नावाचा छापील कागद आला की शिक्का मारून फळ्यावर. न्हाईतर सभासद इचारत्यात, काय लपवालाय म्हणून. आन् वर ‘महत्त्वाचे’ लिवलंय.”

गर्दीतले एक सभासद पुढे झाले. “ताई, ह्ये पेंडीच्या पोत्याचं टोकन हाय न्हवं? दुसरा नंबर मी घेटलाय.” त्यांनी तळहातावर पेनानं उतरवून आणला होता.

नुसत्या कोडाने कुणी आत येत नाही, पासवर्डही लागतो, अशी मी मनाची समजूत घातली. मग सचिवांना बाजूला घेऊन पासवर्ड काय ठेवलाय असं विचारलं, तर त्यांनी मान वर करून दाराकडे बघितलं. तिथे रंगाने संस्थेचा नोंदणी क्रमांक लिहिलेला होता. तोच पासवर्ड.

मी त्यांना तिथेच बसवून पासवर्ड बदलायला लावला; तो मी बघितला नाही. मग नवे दहा कोड काढायला सांगितले. नवे निघाले की जुने दहाही त्याच क्षणी रद्द होतात, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. एवढ्यात अध्यक्ष आले. फळ्यावरचा कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, मग सचिवांकडे.

“काय झालंय आता? परत गोंधळ व्हय?”

सचिवांचा चेहरा उतरला. मी गप्प बसले असते तर माझं काहीच बिघडलं नसतं, आणि क्षणभर तसा मोह झालाही. पण मी बोलले, “गोंधळ माझा आहे. फोनमध्ये ठेवू नका असं लिहिलं, फळ्यावर लावू नका असं लिहायचं मला सुचलंच नाही. तुमच्या सचिवांनी संस्थेच्या पद्धतीप्रमाणेच केलंय.”

अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला. “मग लिवा की नीट,” म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

नवा मजकूर मी सचिवांनाच विचारला. विचार करून ते म्हणाले, “संस्थेचं नाव काडा पहिलं. आन् लिवा, ह्यो कागद कुलपात ठेवा, कुणाला दावू नका.” तसंच लिहिलं. किनारही काढली. तिचं मला जरा वाईट वाटलं.

पुढे काही महिन्यांनी एका सकाळी बाईंनी मला हाक मारली. त्या संस्थेच्या नोंदीत दिसत होतं : राखीव कोड वापरला, नऊ शिल्लक. आमच्याकडे कुणाचा फोन आला नव्हता. कुणी भलताच तर आत शिरला नाही? मी तडक लँडलाइन फिरवली. सचिवांनीच उचलली.

“मोबाइल बंद पडला, ताई. कपाट उघडलं, कागद काडला, एक कोड घाटला. लिटर, फॅट भरून झालं बी. दुपारी दुसऱ्या फोनवर तुमचं ते अ‍ॅप लावतो.”

“अध्यक्षांना कळलं का?” मी नको तेवढं विचारून बसले.

“न्हाय,” ते शांतपणे म्हणाले. “त्यास्नी कळण्यासारखं काय झालंय?”