बाकमावशी आणि उघडणारा पूल

त्या प्रवासकचेरीत तिला सगळे बाकमावशी म्हणत. पाहुण्यांचा दिवस आखायचा, तर आधी ती स्वतः त्याच वाटेने, त्याच वेळेला चालून यायची. बसायला बाक कुठे, सावली किती, स्वच्छतागृह कोणत्या वळणावर, जेवणघर किती वाजता उघडतं, हे सगळं वहीत टिपून मगच कागद तयार व्हायचा.

"मावशी, लोक देखावे बघायला येतात, बाकं नाही," मालक म्हणायचा.

"टेकायला मिळालं तरच बघतात हो. पाय ठणकायला लागले की देखावा कोण बघतो?"

सव्वीस वर्षं हे चाललं होतं. आता डावा गुडघा कुरकुरायचा. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पहाटे उठून त्यांचं सगळं आवरायचं, मग कचेरी गाठायची. दुपारपर्यंत तिचा निम्मा जीव संपलेला असायचा.

अशात स्टेशनमास्तर आले. निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली, सोबत बायको, तीन दिवसांचा मुक्काम. मधुमेह जुना; रात्रीचं एक इंजेक्शन आणि तिन्ही जेवणांआधी एकेक. इथे बघण्यासारखं पुष्कळ होतं, पण मास्तरांना हवा होता फक्त नदीवरचा रेल्वेचा जुना पूल. जहाज आलं की तो मधोमध उघडतो. सकाळी दहाला एकदा आणि दुपारी चारला एकदा.

"चाळीस वर्षं मी गाड्यांना वाट करून दिली," ते म्हणाले. "गाडीला थांबवून होडीला वाट देणारा पूल एकदा डोळ्यांनी बघायचाय. बाकी तुम्ही दाखवाल ते बघू."

त्यांच्या लेकीचा फोन आधीच येऊन गेला होता. "त्यांना जरा जरी काही झालं ना मावशी, तर पुढचं सगळं रद्द. मी त्याच दिवशी न्यायला येईन."

मावशीने कागद केला. सकाळी चालणं, दुपारी जेवण, मग खोलीवर दीड तास आडवं होणं, संध्याकाळी थोडंच. पूल दुसऱ्या दिवशी चारला. फक्त एक गोष्ट राहिली. नदीच्या घाटाकडची वाट ती या वेळी चालली नाही. गुडघा सुजला होता, सासूबाईंना ताप होता. तिने मागच्या वर्षीचा कागद काढला आणि त्यावरून उतरवून घेतलं: 'एक वाजता जेवण, घाटाजवळचं जेवणघर.'

पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालय आणि बाग झाली. मास्तर तरातरा चालले. पावणेएकला ते घाटाजवळच्या बाकावर बसले, घड्याळ बघितलं, शर्ट वर केला आणि पोटावर इंजेक्शन टोचून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जेवणाआधी पंधरा मिनिटं. कागदावर होतं, एक वाजता जेवण. मास्तरांनी आयुष्यभर लिहिलेल्या वेळेवर विश्वास ठेवला होता.

मावशी तेव्हा स्वच्छतागृहाची किल्ली आणायला गेली होती. परतली, तिघं जेवणघरापाशी आली, तर दाराला कुलूप. काचेवर चिठ्ठी: दुरुस्तीसाठी बंद.

"काही हरकत नाही, पुढे एक आहे," मावशी म्हणाली. "इंजेक्शन तिथे बसल्यावर घ्या."

"ते मघाशीच झालं."

सुई टोचलेली आणि पोटात अन्न नाही, म्हणजे साखर उतरणार. पुढचं जेवणघर वीस मिनिटांच्या चालीवर. टॅक्सीसाठी हात केला, एकही थांबेना. तिने मास्तरांना बाकावर बसवलं आणि पर्समधून बिस्किटं काढली.

"हे आत्ताच खा."

"जेवायच्या वेळेला बिस्किटं? लहान मूल आहे का मी?" मास्तर खेकसले. "आणि तू काय बघत बसलीयस तोंडाकडे?" हे बायकोला.

बायको मावशीकडे वळली. हळूच म्हणाली, "असे बोलत नाहीत हो हे कधी."

मावशीने त्यांचा हात धरला. घामाने ओला, थरथरणारा. तिने साखर मोजायचं यंत्र काढायला लावून बोटाला टोचलं. अठ्ठावन्न; सत्तरच्या खाली म्हणजे धोका.

बायकोने लगबगीने पिशवीतून चॉकलेट काढलं. "ते नको, वहिनी. त्यात चरबी फार, साखर चढायला वेळ लागतो." मावशीने पर्समधल्या ग्लुकोजच्या चार गोळ्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या. "चावा. वाद नंतर घालू."

मग पंधरा मिनिटं. मावशी शेजारी बसून राहिली. गुडघ्याकडे लक्ष द्यायलाही तिला त्राण नव्हतं. पुन्हा टोचलं तर शहाऐंशी. मास्तरांचा चेहरा माणसात आला. मग त्यांनी बिस्किटं खाल्ली, टॅक्सी मिळाली, जेवण झालं.

ताट समोर आल्यावर त्यांनी विचारलं, "आता पुन्हा टोचू?"

"नाही. या जेवणाचं इंजेक्शन तुमच्या पोटात केव्हाच गेलंय."

मग आराम हवाच होता; चारचा पूल अर्थातच गेला. खोलीवर मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. लेकीचा फोन आला तेव्हा बायकोने घडलं ते सांगून तो मावशीकडे दिला.

"मी उद्या सकाळी निघते," लेक म्हणाली. "बाबांना खोलीतून हलवू नका."

"चूक माझी आहे," मावशी म्हणाली. "वाट न चालता वेळ लिहिली. त्यांनी माझ्या कागदावर विश्वास ठेवला. तुम्ही या, जरूर या. पण दहाच्या पुलाला मी त्यांना नेऊ का? आधी आत्ता जाऊन वाट चालून येते. मला पटलं नाही, तर नाही नेणार."

पलीकडून लेक म्हणाली, "न्या. पण तिथे त्यांच्याजवळून हलायचं नाही."

"नाही हलणार."

संध्याकाळी ती निघाली. टॅक्सी पुलाच्या किती जवळ जाते, तिथून पावलं किती, चढ कुठे. चढाच्या पायथ्याशी एक बाक होता, तिथून पूल आडवा दिसत होता. ती त्यावर पाच मिनिटं बसली. उठताना तोंडातून "आई गं" निघालं. घरी जाऊन सासूबाईंना भरवायचं होतं अजून.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला न्याहारी. नवा नियम एकच: ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. मास्तरांनी तो पाळला; पण पुलाच्या ओढीने पावाचे दोन तुकडे तसेच टाकले आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. रहदारीत अडकलेली टॅक्सी दहाला दहा मिनिटं कमी असताना बाकापाशी थांबली. पुढे दहा मिनिटांचा चढ.

"चढण्याआधी एकदा बघू," मावशी म्हणाली.

अठ्ठ्याऐंशी.

"बरी आहे की!" मास्तर उठलेच.

"बसून राहायला बरी. चढायला कमी. न्याहारीचं औषध अजून चालू आहे. हे केळं आणि बिस्किटं खा, पंधरा मिनिटांनी परत बघू."

"मग पूल चुकेल!"

"जवळून चुकेल. इथून दिसतो."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "अहो, काल मला ओरडलात तेव्हा तुम्ही तुम्ही नव्हता. मला तो माणूस पुन्हा बघायचा नाही."

मास्तर बसले. केळं सोलून खाऊ लागले. तेवढ्यात दहाचा भोंगा वाजला. पुलाच्या दोन्ही बाजूंचे सिग्नल लाल झाले आणि मधला भाग हळूहळू आभाळाकडे उचलला जाऊ लागला. पलीकडे एक मालगाडी मुकाट उभी होती.

"बघ, बघ, थांबवली!" मास्तर भरल्या तोंडाने म्हणाले. "काय शिस्तीत थांबवली!" मग जरा वेळाने, "जवळून बघायचा होता मला."

"हो," मावशी म्हणाली. "मलाही दाखवायचा होता."

तिने चप्पल काढून पाय लांब केला. खालून टॅक्सी येत होती. त्यात बहुधा लेक होती. मावशी उठली नाही. तिने फक्त यंत्राची पट्टी बदलली आणि मास्तरांच्या बोटासाठी हात पुढे केला.